आंबापोळीचे वाटे: पाचवीला अपूर्णांक शिकवायचा सहा तासांचा पाठ

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अपूर्णांकाचा धडा व्याख्येपासून सुरू केला. वरचा आकडा अंश, खालचा छेद, मधे आडवी रेघ. मुलांनी वहीत उतरवून घेतलं, घोकलंही. चौथ्या दिवशी मी फळ्यावर १/४ आणि १/८ लिहिले आणि विचारलं, मोठा कोणता? वर्गात तेरा मुलं होती. त्यातल्या दहांनी १/८ ला हात वर केले. आठ चारापेक्षा मोठे, मग १/८ मोठा, असा साधा हिशेब.

त्या दहांत एक मुलगी होती, तिची आई जेटीवर मासे विकायची. मी तिला सहज विचारलं, "पाव किलो सुंगटं जास्त की अर्धपाव?" तिने माझ्याकडे असं बघितलं की बाईंना एवढंही कळत नाही. म्हणाली, "अर्धपाव ल्हान, बाई. दोन अर्धपाव मिळान एक पाव होता." अर्धपाव म्हणजे एक अष्टमांश. म्हणजे तिला १/८ हा १/४ पेक्षा लहान असतो हे ठाऊक होतं, का लहान असतो हेही ठाऊक होतं. फक्त मी फळ्यावर जे लिहिलं होतं त्याचा आणि आईच्या तराजूचा काही संबंध आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि तो संबंध लावून देणं माझं काम होतं.

तेव्हापासून मी हा धडा उलटा शिकवते. आधी वाटणी, मग बोलणं, मग चिन्ह. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका लहान शाळेत, चौथी-पाचवी एकत्र बसवून, दरवर्षी थोडा थोडा बदलत गेलेला हा पाठ आहे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी तो इथे पायरी पायरीने लिहिते. तास ३५ ते ४० मिनिटांचा धरला आहे आणि असे सहा तास लागतात.

पाच पायऱ्या कुठल्या

प्रशिक्षणात "पाच-ई" म्हणून जे प्रतिमान सांगतात तेच हे. अमेरिकेत बी.एस.सी.एस. या विज्ञान अभ्यासक्रम तयार करणाऱ्या संस्थेत रॉजर बायबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ते मांडलं. पाचही पायऱ्यांची इंग्रजी नावं ई अक्षराने सुरू होतात म्हणून हे नाव. आपल्या भाषेत सांगायचं तर मुलांना प्रश्नात ओढणं, हाताने शोधू देणं, सापडलेल्याला नावं देणं, तेच नव्या जागी वापरून बघणं आणि किती समजलं ते तपासणं.

यातली मेख एकच आहे. "स्पष्टीकरण" तिसऱ्या पायरीवर येतं, पहिल्या नाही. आपण सवयीने पहिल्याच तासाला फळ्याकडे वळतो. इथे अंश आणि छेद हे शब्द तिसऱ्या तासापर्यंत तोंडातून निघू द्यायचे नाहीत. वाचताना सोपं वाटतं, वर्गात जीभ चावावी लागते.

आधीची तयारी

पिवळा घोटीव कागद घ्या आणि त्याच्या २४ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद अशा पट्ट्या कापा. तेरा मुलांच्या वर्गाला चाळीसेक पट्ट्या पुरतात. २४ च का, तर त्याचे दोन, तीन, चार, सहा, आठ भाग सगळे पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात. १२, ८, ६, ४, ३. मुलांना हे सांगायचं नाही. नंतर पट्टीने मोजताना त्यांच्या लक्षात येतं आणि ती मजा त्यांचीच राहू द्यावी.

पट्ट्या सगळ्या तंतोतंत सारख्या हव्यात. एका वर्षी मी मोठ्या मुलांकडून कात्रीने कापून घेतल्या. काही साडेतेवीस भरल्या, काही चोवीसच्या वर गेल्या. दोन गटांचे वाटे शेजारी शेजारी चिकटवले तेव्हा जे समान यायला हवे होते ते समान आले नाहीत, आणि मुलांनी कागदाच्या आधाराने मला चुकीचं ठरवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आता मी पुठ्ठ्याचा एक साचा करते आणि स्वतः कापते.

गोल कागद घेऊ नका. घावणा किंवा भाकरी हे उदाहरण तोंडाशी येतं खरं, पण गोलाचे तीन किंवा पाच समान भाग करणं मोठ्यांनाही जमत नाही. मुलं गोलाला उभ्या रेघा मारतात, कडेचे तुकडे बारके आणि मधला जाडा होतो, मग सगळी चर्चा त्या कापण्यावरच अडकते. पट्टी घडी घालता येते, तुकडे एकमेकांवर ठेवता येतात, आणि पुढे तीच पट्टी संख्यारेषा होते.

बाकी गोंद, सुतळी, कपड्यांचे चिमटे आणि एक खरी आंबापोळी. ताटात वाळवलेली गोल असेल तर कडा कापून आयत करून आणा. एक सूचना आपल्या हवेची: हा धडा जुलै-ऑगस्टमध्ये आला तर कागद दमट होऊन घडी नीट बसत नाही आणि गोंद दिवसभर ओला राहतो. पट्ट्या आदल्या रात्री घरी डब्यात ठेवा, फळीवर नको.

पहिली पायरी: भांडण लावून देणं

पहिल्या तासाची पंधरा मिनिटं एवढंच. आंबापोळी टेबलावर ठेवते आणि तीन मुलांना पुढे बोलावते. त्यांच्या देखत सुरीने तिचे तीन तुकडे करते, मुद्दाम वेडेवाकडे. एक मोठा, एक मध्यम, एक चिंचोका. आणि गंभीर चेहऱ्याने म्हणते, "तीन मुलं, तीन वाटे. प्रत्येकाला तिसरा हिस्सा मिळाला. झालं?"

चिंचोका मिळालेला गप्प बसत नाही. "माका कमी गावला!" वर्ग त्याच्या बाजूने उठतो. मग मी वाद घालते. तुकडे तीन आहेत ना? मुलं तीन आहेत ना? मग प्रत्येकाला एक तुकडा मिळाला, बिघडलं कुठे? इथे मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगावं लागतं की तुकड्यांची संख्या बरोबर असून भागत नाही, तुकडे सारखे हवेत.

आपल्याकडे "वाटा" हा शब्द फार जवळचा आहे. मासळीबाजारात बांगड्याचे, मांदेलीचे वाटे लावून ठेवतात. होडीवर मासळीचे वाटे होतात तेव्हा होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, खलाशांचा वेगळा. म्हणजे वाटा समान असलाच पाहिजे असं बोलीत नाही. हे मुलांकडूनच काढून घ्या आणि मग ठरवून टाका: या वर्गात पुढचे सहा तास "वाटा" म्हणजे "सारखा वाटा". असं उघड ठरवलं नाही तर पुढे एखादं मूल असमान भाग केलेल्या चित्राला खुशाल "पाव" म्हणेल आणि तुम्हाला वाटेल त्याचं लक्ष नाही.

आंबापोळी शेवटी वर्गात वाटून टाकावी लागते, हे वेगळं सांगायला नको. माझ्याकडे तेरा भाग करताना माझीच परीक्षा होते.

दुसरी पायरी: हाताने वाटणी

पाठाचा जीव इथे आहे. पहिल्या तासातला उरलेला वेळ आणि पूर्ण दुसरा तास याला द्या. घाई करून एका तासात उरकलं तर पुढच्या तीन पायऱ्या पोकळ होतात.

तेरा मुलांचे तीन गट करते. पहिल्या गटात चार मुलं आणि तीन पट्ट्या. दुसऱ्यात तीन मुलं आणि दोन पट्ट्या. तिसऱ्यात सहा मुलं आणि चार पट्ट्या. मुलं कमी असतील तर पहिले दोन गट पुरेत. काम सगळ्यांना एकच: प्रत्येक पट्टी म्हणजे एक आंबापोळी, सगळी वाटायची, काही उरवायचं नाही, प्रत्येकाला सारखंच मिळालं पाहिजे, आणि मोजपट्टी वापरायची नाही. आपला वाटा मिळाला की तो वहीत एका ओळीत, तुकड्याला तुकडा लावून चिकटवायचा.

पहिल्या गटात साधारण दोन रीती दिसतात. काही मुलं प्रत्येक पट्टीच्या चार घड्या घालतात आणि तिन्ही पट्ट्यांमधला एकेक तुकडा घेतात. काही आधी दोन पट्ट्या मधोमध फाडून चौघांना अर्धी अर्धी देऊन टाकतात आणि उरलेल्या एका पट्टीचे चार भाग करतात. एकाच्या वहीत तीन सारखे तुकडे, दुसऱ्याच्या वहीत एक मोठा आणि एक लहान. मग त्यांच्यात तुला जास्त, मला कमी सुरू होतं. मधे पडू नका. "वह्या शेजारी ठेवून बघा," एवढंच म्हणा. लांबी सारखी निघते. "अर्धा आणि पाव" म्हणजेच "तीन पाव" हे त्यांनी बेरीज न शिकता शोधलेलं असतं, आणि कुणीतरी हमखास ओरडतं, "बाई, पाऊण!"

दुसरा गट मात्र अडतो. तीन मुलं, दोन पट्ट्या. त्यांना घडी घालायची ती अर्ध्यावर घालायचीच सवय. ते दोन्ही पट्ट्यांचे अर्धे करतात, चार अर्धे होतात, तिघांना एकेक मिळतो आणि एक अर्धा उरतो. या उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं? काही वेळ कुजबुज होते. मग कुणीतरी त्याचेच तीन तुकडे करतं. तीन घड्या घालायची युक्ती दाखवायला हरकत नाही: पट्टी इंग्रजी एस अक्षरासारखी सैल दुमडायची, कडा एकमेकींवर येईपर्यंत सरकवायची आणि मगच दाबायची.

आता प्रत्येकाच्या वहीत एक अर्धी पट्टी आणि एक छोटासा तुकडा आहे. या छोट्या तुकड्याला नाव काय? मी हा प्रश्न टाकते आणि खुर्चीवर जाऊन बसते. पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "तिसरा हिस्सा." तीन केले म्हणून तिसरा. मी म्हणते, "कशाचा तिसरा?" शांतता. "अर्ध्याचा." "बरं. आणि पूर्ण पट्टीचा कितवा?"

याच क्षणासाठी सगळी खटपट केलेली असते. मुलाला एक कोरी पट्टी द्या आणि विचारा, "हा तुकडा या पट्टीत किती वेळा मावतो?" ते तुकडा सरकवत, पेन्सिलने खुणा करत मोजतं. सहा वेळा. म्हणजे तोच कागदाचा तुकडा अर्ध्याच्या मानाने तिसरा हिस्सा आहे आणि पूर्ण पट्टीच्या मानाने सहावा. तुकडा बदलला नाही, "पूर्ण कोणतं" ते बदललं. अपूर्णांकात मुलं ज्या चुका करतात त्यातल्या बऱ्याच या एका जागी उगवतात, म्हणून इथे दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या.

तिसरा गट, सहा मुलं आणि चार पट्ट्या. ते कधी प्रत्येक पट्टीचे तीन भाग करून बारा तुकडे काढतात आणि प्रत्येकी दोन घेतात. कधी तीन पट्ट्यांचे अर्धे करून चौथीचे सहा भाग करतात. शेवटी तिन्ही गटांची एकेक वही टेबलावर एकाखाली एक ठेवायची आणि विचारायचं, कुठल्या गटातल्या मुलाला जास्त मिळालं? बहुतेक जण आधी तिसरा गट म्हणतात, कारण तिथे पट्ट्या जास्त होत्या. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे वाटे बरोबर सारखे निघतात आणि पहिल्या गटाचा थोडा मोठा. आता मोजपट्टी द्या. १६, १६, आणि १८ सेंटिमीटर.

या दोन तासांत तुम्ही बोलायचं ते प्रश्नांपुरतं. माझे तीनच ठरलेले आहेत: काही उरलं का, एकावर एक ठेवून बघितलंस का, आणि हा तुकडा पूर्ण पट्टीत किती वेळा मावतो. एखादं मूल फाडून फाडून तुकड्यांचा चुरा करून बसतं. त्याला रागावू नका, नवी पट्टी द्या. चाळीस पट्ट्या त्यासाठीच असतात.

तिसरी पायरी: सापडलेल्याला नाव

तिसरा आणि चौथा तास. सुरुवात मुलांनी करायची. प्रत्येक गटातलं एक मूल आपली वाटणी फळ्याजवळ येऊन सांगतं. त्यांच्या शब्दांत सांगू द्या, "चार घड्या घातल्या आणि त्यातले तीन घेतले" असं. हे वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहा. मग म्हणा, एवढं लांब लिहायचा कंटाळा येतो, म्हणून लिहायची एक आटोपशीर रीत आहे. आडवी रेघ मारा. घड्या किती, ते खाली: ४. घेतले किती, ते वर: ३. खालच्याला छेद म्हणतात, वरच्याला अंश. आता ही नावं मुलांच्या वहीतल्या खऱ्या कागदावर जाऊन बसतात.

रेघ आडवीच काढा. इथे छापायच्या सोयीसाठी मी ३/४ असं लिहिते आहे, पण वर्गात तिरकी रेघ काढली की मुलं ती तारखेसारखी वाचतात.

वाचायच्या तिन्ही रीती एकत्र द्या: तीन छेद चार, तीन चतुर्थांश, पाऊण. तिसरी घरातून आली आहे आणि तीच मुलांची हक्काची आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच एवढे शब्द आपल्या भाषेत तयार असताना ते बाजूला ठेवून कोरड्या "तीन छेद चार"ने सुरुवात करणं मला पटत नाही. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, औटकी असे पाढेच पाठ करायचे. औट म्हणजे साडेतीन. पाढे परत आणा असं मी म्हणत नाही, पण ते शब्द अजून वाण्याच्या दुकानात जिवंत आहेत तोवर वापरून घ्यावेत. गंमत म्हणजे "पाव" म्हटल्यावर एकदोन मुलांच्या डोळ्यासमोर बेकरीतला पाव येतो. एकदा विचारून घ्या.

"चारपैकी तीन" हा शब्दप्रयोग मात्र जपून करा. तो कानाला बरोबर वाटतो, पण ५/४ आला की मूल म्हणतं, चारपैकी पाच कसे घेणार? त्याचं खरंच बरोबर आहे. म्हणून मी ३/४ ला "एक चतुर्थांशाचे तीन तुकडे" म्हणते. मग पाचवा तुकडा दुसऱ्या पट्टीतून आणायला काही आडकाठी नाही. तुकडे हातात धरून सगळ्या वर्गाकडून मोजून घ्या: एक चतुर्थांश, दोन चतुर्थांश, तीन चतुर्थांश, चार चतुर्थांश म्हणजे एक, पाच चतुर्थांश म्हणजे? "सव्वा!" हे उत्तर न शिकवता येतं.

चौथ्या तासाला सुतळी ताणून बांधा. एका टोकाला शून्याचा चिमटा लावा. पट्ट्या एकीपुढे एक धरून १, २, ३ चे चिमटे लावा. २४ सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या म्हणजे सुतळी मीटरभर पुरते. मग चिठ्ठ्या वाटा: १/२, ३/४, ५/४, ३/२, २/३, ४/६. प्रत्येकाने आपली पट्टी घेऊन येऊन आपली चिठ्ठी जागेवर लावायची. २/३ आणि ४/६ च्या चिठ्ठ्या एकाच चिमट्यात येतात, आणि कालचे दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे वाटे का जुळले याचा उलगडा होतो. सममूल्य अपूर्णांक हा शब्द आता द्या, आधी नको.

सुतळीवर एक चूक दरवर्षी होते. चतुर्थांशाच्या खुणा मोजताना मुलं शून्याच्या चिमट्यालाच "एक" म्हणतात आणि एक खूण मागे राहतात. ओळखायची खूण म्हणजे त्यांचा ३/४ अर्ध्यावरच जाऊन बसतो. चिमटे नाही, मधले गाळे मोजायचे, असं सांगितलं की माडाच्या रांगेत दोन माडांमधलं अंतर मोजणाऱ्या घरातल्या मुलांना लगेच कळतं.

चौथी पायरी: पूर्ण बदलून बघणं

आतापर्यंत "पूर्ण" म्हणजे एक पट्टी होती. पाचव्या तासात तीच काढून घ्यायची. फळ्यावर लिहा: सव्वा किलो, सव्वा तास, सव्वाशे. तिन्हींत सव्वा आहे. ग्रॅम किती, मिनिटं किती, आकडा किती? १२५०, ७५, १२५. शब्द एकच, उत्तरं तीन. का? कारण पूर्ण कधी हजार ग्रॅम, कधी साठ मिनिटं, कधी शंभर. दीडशे रोज म्हणणाऱ्या मुलाला त्यात "दीड" लपलेला आहे हे पहिल्यांदाच दिसतं, आणि ते बघण्यासारखं असतं.

मग आंबे. पूर्ण म्हणजे एकच वस्तू असली पाहिजे असं नाही, ढीगही पूर्ण असू शकतो, हे मुलांना जड जातं. बारा खडे किंवा चिंचोके घेऊन पाऊण डझन काढायला लावा. काही मुलं तीन खडे काढतात, कारण पाऊणच्या वर तीन आहे. त्यांना बारा खड्यांचे चार सारखे ढीग करायला लावा आणि त्यातले तीन ढीग उचलायला सांगा. नऊ.

शेवटची पंधरा मिनिटं या प्रश्नाला: "एका गिऱ्हाइकाने अर्धा डझन हापूस घेतले. दुसऱ्याने चार डझनांच्या पेटीतली पाव पेटी घेतली. जास्त आंबे कुणी नेले?" अर्धा पावापेक्षा मोठा, हे कालच सुतळीवर दिसलं होतं. पण अर्धा डझन म्हणजे सहा, आणि पाव पेटी म्हणजे बारा. एक मुलगा एकदा चिडून म्हणाला, "मग काल सुतळीवर लावला ता खोटा?" खोटं नाही. काल दोघांचं पूर्ण एकच होतं, आज दोन वेगळी आहेत. १/२ आणि १/४ असे नुसते आकडे लिहिले की पूर्ण एकच धरायचं, ही अट तेव्हा स्पष्ट सांगा. पुस्तकात ती गृहीत असते, लिहिलेली क्वचितच दिसते.

वेळ कमी पडला तर या पायरीतला सव्वाचा भाग गाळा, आंब्यांचा नको.

पाचवी पायरी: तपासणं

सहाव्या तासाला कागदावर चारच प्रश्न. गुण देण्यापेक्षा कुठल्या मुलाची गाडी कुठे अडली हे कळावं म्हणून ते निवडले आहेत.

पहिला: एका आयताचे चार असमान भाग केलेले आणि एक रंगवलेला. हा पाव आहे का, आणि का? "हो, चारातला एक" असं उत्तर आलं तर त्या मुलाच्या डोक्यात अजून पहिल्या तासातली चिंचोकी वाटणीच आहे.

दुसरा: १/६ आणि १/८, मोठा कोणता? १/८ म्हणणाऱ्याला आधी पट्टी देऊ नका. अर्धपाव आणि पाव विचारा, मग पट्टी द्या.

तिसरा: ३/४ आणि ५/६, मोठा कोणता? इथे हुशार मुलं फसतात. "दोन्हींत एकेकच तुकडा कमी आहे, म्हणून सारखे." विचार चांगला आहे, फक्त कमी असलेला तुकडा केवढा हे बघायचं राहिलं. चतुर्थांशाचा तुकडा ६ सेंटिमीटरचा, षष्ठांशाचा ४ चा. ज्यात लहान तुकडा कमी तो मोठा. पट्टीवर १८ आणि २०. हा प्रश्न पाचवीच्या मानाने थोडा वरचा आहे. तो चुकला म्हणून मुलाला मागे ठेवू नका, पण उत्तरामागचं कारण जरूर ऐका.

चौथा: ४ सेंटिमीटरचा एक तुकडा वहीत चिकटवून द्या आणि लिहा, "हा एका आंबापोळीचा १/३ आहे. पूर्ण आंबापोळी काढून दाखव." बरोबर उत्तर १२ सेंटिमीटरची पट्टी. दोन चुका येतात. काही मुलं दिलेल्या तुकड्याचेच तीन भाग करतात; त्यांना "१/३ दिसला की तीन तुकडे करायचे" एवढीच कृती कळली आहे. काही जण सवयीने २४ ची पट्टी काढतात. त्यांना पूर्ण म्हणजे ती पिवळी पट्टीच, असं वाटतं. पहिल्यांना दुसऱ्या पायरीत परत न्या, दुसऱ्यांना चौथीत. दोन्ही गटांना एकच उजळणी दिली तर कुणालाच उपयोग होत नाही, हा माझा दोन वर्षांचा अनुभव.

पहिली पायरी सोडली तर तपासणी मधेमधेही चालू असते. दुसऱ्या पायरीत मी खिशात एक कागद ठेवते आणि "कशाचा तिसरा?" या प्रश्नाला कोण काय म्हणालं ते दोन शब्दांत टिपते. शेवटच्या दिवशीच्या चौथ्या प्रश्नाशी ते ताडून बघितलं की कोण पुढे सरकलं ते दिसतं.

भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज या सहा तासांत नाही. मूल १/२ + १/४ = २/६ असं लिहीत असेल तर त्याला पहिल्या गटाची वही उघडून दाखवा, अर्धा आणि पाव चिकटवलेलं पान. त्याने २/६ ची पट्टी करून त्याशेजारी ठेवावी. ती ८ सेंटिमीटर भरते, नुसत्या अर्ध्यापेक्षाही लहान. म्हणून ती पानं फाडू देऊ नका, दिवाळीनंतरही लागतात.